समभुज त्रिकोणातील न बदलणारी बेरीज

समभुज त्रिकोणाच्या आत कुठेही एक बिंदू घेऊन त्यापासून तिन्ही बाजूंवर लंब टाकले, तर त्या तीन लंबांच्या लांबींची बेरीज नेहमी सारखीच येते आणि ती त्रिकोणाच्या उंचीइतकी असते. बिंदू मधोमध असो, कोपऱ्यात असो किंवा एखाद्या बाजूला अगदी लागून असो, बेरजेत फरक पडत नाही. भूमितीत हा गुणधर्म विवियानीचे प्रमेय म्हणून ओळखला जातो. सतराव्या शतकातील इटालियन गणिती विन्चेन्झो विवियानी याच्यावरून हे नाव पडले.

एक प्रत्यक्ष उदाहरण पाहू. समभुज त्रिकोणाची बाजू २० सेंटीमीटर आहे आणि एक बाजू पाया म्हणून आडवी ठेवली आहे. अशा त्रिकोणाची उंची बाजूच्या सुमारे ०.८६६ पट, म्हणजे १७.३२ सेंटीमीटर असते. आता पायाच्या डाव्या टोकापासून ८ सेंटीमीटर पुढे जाऊन तिथून ५ सेंटीमीटर वर एक बिंदू घेतला. त्याचे पायापासूनचे अंतर ५ सेंटीमीटर आहेच. डाव्या बाजूपासून त्याचे लंबांतर ४.४३ आणि उजव्या बाजूपासून ७.८९ सेंटीमीटर येते. तिन्हींची बेरीज १७.३२. दुसरा बिंदू डाव्या टोकापासून १३ सेंटीमीटर पुढे आणि पायाच्या फक्त २ सेंटीमीटर वर घेतला, तर अंतरे अनुक्रमे २, १०.२६ आणि ५.०६ येतात. बेरीज पुन्हा १७.३२. प्रत्येक अंतर बदलले, एकाचे तर दुपटीहून जास्त झाले, तरी बेरीज जागची हलली नाही.

कागदावर हे करून पाहताना एक गोष्ट सांभाळावी लागते. इथे अंतर म्हणजे लंबांतर. बिंदूपासून बाजूच्या मध्यापर्यंत किंवा कोपऱ्यापर्यंत मोजलेली लांबी चालत नाही. बिंदूपासून रेषेपर्यंतचा सर्वांत जवळचा रस्ता लंबाचाच असतो, त्यामुळे तिरके मोजले की लांबी वाढते, कमी कधीच होत नाही. म्हणून बेरीज उंचीपेक्षा थोडी जास्तच येत राहिली, तर लंब नीट काढलेले नाहीत असे समजावे आणि गुण्या बाजूला घट्ट लावून ते पुन्हा काढावेत. बेरीज मात्र एका कोपऱ्याकडे वाढत आणि दुसऱ्याकडे घटत गेली, तर चूक लंबांची नसून त्रिकोणाची आहे. त्याच्या तीन बाजू खरोखर समान नाहीत.

क्षेत्रफळातून मिळणारे कारण

या गुणधर्माची सर्वांत सोपी सिद्धता क्षेत्रफळातून मिळते. त्रिकोणाला अ, ब, क अशी नावे दिली आणि आतल्या बिंदूला प म्हटले. प हा बिंदू तिन्ही शिरोबिंदूंना जोडला, की मोठ्या त्रिकोणाचे पअब, पबक आणि पकअ असे तीन तुकडे होतात. हे तुकडे एकमेकांवर येत नाहीत आणि मध्ये जागाही सुटत नाही. म्हणून तिघांच्या क्षेत्रफळांची बेरीज मूळ त्रिकोणाच्या क्षेत्रफळाइतकी होते.

त्रिकोणाचे क्षेत्रफळ म्हणजे पाया गुणिले उंचीचे निम्मे. पअब या तुकड्याचा पाया अब ही बाजू आणि त्याची उंची म्हणजे प पासून अब पर्यंतचे लंबांतर. इतर दोन तुकड्यांचेही असेच. थोडक्यात, ज्या तीन अंतरांची बेरीज करायची आहे, तीच या तीन तुकड्यांची उंची आहे. मूळ त्रिकोण समभुज असल्यामुळे तिन्ही तुकड्यांचा पाया सारखा आहे. त्यामुळे तिघांची क्षेत्रफळे मिळवताना पायाचे निम्मे समाईक म्हणून बाहेर काढता येते आणि कंसात फक्त तीन अंतरांची बेरीज उरते. दुसरीकडे पूर्ण त्रिकोणाचे क्षेत्रफळ म्हणजे त्याच पायाचे निम्मे गुणिले त्रिकोणाची उंची. दोन्ही बाजूंना पायाचे निम्मे सारखेच असल्याने ते काढून टाकले, की तीन अंतरांची बेरीज बरोबर उंची एवढेच शिल्लक राहते.

वरच्या पहिल्या बिंदूवर हे ताडून पाहता येते. पाया २०, म्हणून त्याचे निम्मे १०. तीन तुकड्यांची क्षेत्रफळे ५०, ४४.३ आणि ७८.९ चौरस सेंटीमीटर होतात. त्यांची बेरीज १७३.२, आणि पूर्ण त्रिकोणाचे क्षेत्रफळही १० गुणिले १७.३२ म्हणजे १७३.२ चौरस सेंटीमीटरच आहे. बिंदू हलवला की हे एकूण क्षेत्रफळ तीन तुकड्यांत वेगळ्या प्रमाणात वाटले जाते, पण एकूण बदलत नाही.

बिंदू बाजूवर असला तरी हा युक्तिवाद मोडत नाही. तेव्हा एक तुकडा सपाट होतो, त्याचे क्षेत्रफळ शून्य आणि त्या बाजूपासूनचे अंतरही शून्य. उरलेली दोन अंतरे मिळून उंची भरून काढतात. बिंदू शिरोबिंदूवरच नेला, तर दोन अंतरे शून्य होतात आणि तिसरे अंतर हेच त्रिकोणाचा शिरोलंब असते. बेरीज उंचीइतकीच का येते, दुसरी एखादी संख्या का नाही, हे या टोकाच्या स्थितीत सर्वांत स्पष्ट दिसते.

अंतरांची भरपाई कशी होते

क्षेत्रफळाच्या सिद्धतेतून प्रमेय खरे आहे हे पटते. पण एक अंतर वाढले की बाकीची नेमकी तेवढीच कशी कमी होतात, हे तिच्यातून डोळ्यांपुढे येत नाही. त्यासाठी समांतर रेषांचा मार्ग उपयोगी पडतो.

प मधून पायाला समांतर अशी आडवी रेषा काढावी. या रेषेच्या वर एक छोटा त्रिकोण तयार होतो. त्याचे कोनही ६० अंशांचेच असल्याने तो समभुजच असतो. मोठ्या त्रिकोणाची उंची आता दोन भागांत विभागली गेली. खालचा भाग म्हणजे प चे पायापासूनचे अंतर आणि वरचा भाग म्हणजे छोट्या त्रिकोणाची उंची. पहिले अंतर तर असे हिशेबात आले. राहिलेली दोन अंतरे मिळून छोट्या त्रिकोणाची उंची होते, एवढेच दाखवायचे उरते.

प हा बिंदू या छोट्या त्रिकोणाच्या पायावर आहे आणि त्यामुळे त्या पायाचे डावा आणि उजवा असे दोन तुकडे पडतात. प पासून डाव्या बाजूवर टाकलेला लंब हा डावा तुकडा ही बाजू असलेल्या समभुज त्रिकोणाच्या उंचीइतका असतो, म्हणजे डाव्या तुकड्याच्या ०.८६६ पट. तसाच उजवीकडचा लंब उजव्या तुकड्याच्या ०.८६६ पट. दोन्ही मिळवले की पूर्ण पायाच्या ०.८६६ पट, आणि तीच छोट्या त्रिकोणाची उंची. पहिल्या उदाहरणात प पायाच्या ५ सेंटीमीटर वर आहे, म्हणून छोट्या त्रिकोणाची उंची १२.३२ आणि बाजू १४.२३ सेंटीमीटर. प मुळे या बाजूचे ५.११ आणि ९.११ असे तुकडे पडतात. त्यांवरून मिळणारे लंब ४.४३ आणि ७.८९, आणि त्यांची बेरीज १२.३२.

यावरून भरपाईची रीत कळते. बिंदू आडव्या रेषेवर उजवीकडे सरकला, की पायापासूनचे अंतर तसेच राहते, डाव्या बाजूपासूनचे जितके वाढते तितकेच उजव्या बाजूपासूनचे घटते. बिंदू सरळ वर १ सेंटीमीटर गेला, की पायापासूनचे अंतर १ सेंटीमीटर वाढते आणि बाकीची दोन अंतरे प्रत्येकी अर्ध्या सेंटीमीटरने कमी होतात. आडव्या आणि उभ्या हालचाली एकत्र करून बिंदू कुठूनही कुठेही नेता येतो. दोन्ही हालचालींत बेरीज कायम राहत असल्यामुळे ती सगळीकडे सारखीच राहते.

बाजू असमान असल्या तर

सिद्धतेत समान बाजूंचा उपयोग एकाच ठिकाणी झाला, पायाचे निम्मे समाईक म्हणून बाहेर काढताना. बाजू वेगवेगळ्या असतील तर हीच पायरी अडते. क्षेत्रफळांचा हिशेब तेव्हाही खरा असतो, पण त्यातून वेगळे विधान मिळते. प्रत्येक अंतराला त्या त्या बाजूच्या लांबीने गुणून मिळणाऱ्या तीन गुणाकारांची बेरीज स्थिर असते आणि ती त्रिकोणाच्या क्षेत्रफळाच्या दुप्पट असते. हा नियम कोणत्याही त्रिकोणाला लागू आहे. समभुज त्रिकोणात तिन्ही गुणक सारखे असल्यामुळे ते वगळता येतात, इतकाच फरक.

३, ४ आणि ५ सेंटीमीटर बाजूंच्या काटकोन त्रिकोणात काय घडते ते पाहण्यासारखे आहे. त्याचे क्षेत्रफळ ६ चौरस सेंटीमीटर. काटकोनाच्या शिरोबिंदूवर उभे राहिल्यास दोन बाजूंपासूनची अंतरे शून्य आणि कर्णापासूनचे अंतर २.४ सेंटीमीटर, म्हणून बेरीज २.४. उरलेल्या दोन शिरोबिंदूंवर बेरीज अनुक्रमे ३ आणि ४ येते. म्हणजे बेरीज जागेनुसार २.४ पासून ४ पर्यंत बदलते. सर्वांत लहान बेरीज सर्वांत मोठ्या बाजूसमोरच्या कोपऱ्यात आणि सर्वांत मोठी बेरीज सर्वांत लहान बाजूसमोरच्या कोपऱ्यात सापडते.

पण या बदलातही शिस्त आहे. या त्रिकोणाच्या अंतर्वर्तुळाचे केंद्र प्रत्येक बाजूपासून १ सेंटीमीटर अंतरावर असते, म्हणून तिथे बेरीज ३. जिथे बेरीज ३ येते असा एक शिरोबिंदू आधीच मिळाला आहे. तो शिरोबिंदू आणि हे केंद्र जोडणाऱ्या रेषेवर कुठेही बिंदू घेतला तरी बेरीज ३ च येते. उदाहरणार्थ, ३ सेंटीमीटरच्या बाजूपासून ०.५ आणि ४ सेंटीमीटरच्या बाजूपासून २ सेंटीमीटर अंतरावरचा बिंदू याच रेषेवर आहे, आणि कर्णापासून त्याचे अंतर ०.५ भरते. या रेषेला समांतर रेषा काढल्या की त्या प्रत्येक रेषेवर बेरीज स्थिर असते, मात्र एका रेषेवरून दुसरीवर गेले की ती बदलते. समद्विभुज त्रिकोणात अशा रेषा पायाला समांतर असतात. समभुज त्रिकोणात रेषारेषांमधला हा फरक उरतच नाही आणि संपूर्ण अंतर्भागाची एकच किंमत होते.

यातून उलट विधानही सिद्ध होते. एखाद्या त्रिकोणात आतल्या प्रत्येक बिंदूसाठी अंतरांची बेरीज सारखीच असेल, तर तो त्रिकोण समभुजच असला पाहिजे. बिंदू शिरोबिंदूंच्या हवा तितका जवळ नेला तरी बेरीज तीच राहते, म्हणून तिन्ही शिरोबिंदूंवरही ती तीच असते. शिरोबिंदूवरची बेरीज म्हणजे तिथून निघणारा शिरोलंब, म्हणून तिन्ही शिरोलंब समान ठरतात. क्षेत्रफळ एकच आणि उंची समान, तर पायेही समान असणार.

बिंदू त्रिकोणाबाहेर गेला तर

प्रमेयातील ‘आतला बिंदू’ ही अट गाळता येत नाही. २० सेंटीमीटर बाजूच्या त्याच त्रिकोणात बिंदू पायाच्या मध्याखाली २ सेंटीमीटरवर घेतला, तर डाव्या आणि उजव्या बाजूंच्या रेषांपासून त्याची अंतरे प्रत्येकी ९.६६ सेंटीमीटर होतात. पायापासूनचे २ सेंटीमीटर त्यांत मिळवले तर बेरीज २१.३२ येते, उंचीपेक्षा ४ सेंटीमीटर जास्त. मात्र बिंदू पायाच्या पलीकडे गेला म्हणून ते अंतर ऋण मानले, तर ९.६६ अधिक ९.६६ उणे २ म्हणजे पुन्हा १७.३२. बाजूच्या आतल्या अंगाचे अंतर धन आणि बाहेरच्या अंगाचे ऋण धरण्याचा नियम केला, की प्रमेय साऱ्या प्रतलात खरे ठरते. चिन्ह न धरता साधी बेरीज केली, तर बाहेरच्या बिंदूसाठी ती नेहमी उंचीपेक्षा जास्तच येते. ही शेवटची गोष्ट पुढच्या प्रश्नात कामी येते.

विवियानी आणि फर्माचा प्रश्न

विवियानीचा जन्म १६२२ साली फ्लॉरेन्समध्ये झाला. १६३९ मध्ये तो गॅलिलिओकडे राहायला गेला. गॅलिलिओ तेव्हा अंध झाला होता आणि फ्लॉरेन्सजवळच्या आर्चेत्री इथे नजरकैदेत होता. १६४२ साली गॅलिलिओचा मृत्यू होईपर्यंत विवियानी त्याच्याजवळ होता. नंतर त्याने एव्हान्जेलिस्ता तोरिचेल्लीबरोबर काम केले. पाऱ्याच्या वायुभारमापकाशी ज्याचे नाव जोडलेले आहे, तोच हा तोरिचेल्ली. १६५९ साली विवियानीने महत्तम आणि लघुतम किमतींवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. समभुज त्रिकोणाचे हे प्रमेय त्याच ग्रंथातले.

महत्तम-लघुतमाच्या ग्रंथात हे प्रमेय का शोभते, हे फर्माच्या प्रश्नावरून समजते. पिएर द फर्मा या फ्रेंच गणितीने विचारले होते की, तीन बिंदू दिले असता त्या तिघांपासूनच्या अंतरांची बेरीज सर्वांत कमी होईल असा चौथा बिंदू कोणता? तोरिचेल्लीने तो बिंदू शोधला आणि त्याचे उत्तर विवियानीने १६५९ मध्ये छापले. दिलेल्या तीन बिंदूंच्या त्रिकोणात एकही कोन १२० अंश किंवा त्याहून मोठा नसेल, तर हवा असलेला बिंदू असा असतो की त्यापासून तिन्ही शिरोबिंदूंकडे जाणाऱ्या रेषा एकमेकींशी १२० अंशांचे कोन करतात. हा बिंदू खरोखर सर्वोत्तम आहे हे विवियानीच्या प्रमेयावरून काही ओळींत सिद्ध होते.

अ, ब, क हे दिलेले बिंदू आणि प हा १२० अंशांचा बिंदू मानू. अ मधून पअ ला, ब मधून पब ला आणि क मधून पक ला लंब अशा तीन रेषा काढल्या, की त्यांचा एक मोठा त्रिकोण बनतो. त्याच्या एका कोपऱ्यात प, अ, ब आणि तो कोपरा मिळून चौकोन दिसतो. या चौकोनात अ आणि ब इथे काटकोन आणि प इथे १२० अंश आहेत, म्हणून ३६० पैकी उरलेले ६० अंश कोपऱ्याच्या वाट्याला येतात. तिन्ही कोपऱ्यांत हेच घडते, म्हणजे मोठा त्रिकोण समभुज आहे. पअ, पब आणि पक हे त्याच्या बाजूंवरचे लंबच आहेत, तेव्हा त्यांची बेरीज म्हणजे या मोठ्या त्रिकोणाची उंची.

आता प ऐवजी दुसरा कोणताही बिंदू म घेऊ. म पासून अ पर्यंतचे अंतर हे म पासून अ मधून जाणाऱ्या बाजूपर्यंतच्या लंबांतरापेक्षा कमी असू शकत नाही, कारण लंब हाच सर्वांत जवळचा रस्ता. ब आणि क बाबतही तसेच. म्हणून म पासूनच्या तीन अंतरांची बेरीज ही निदान तीन लंबांतरांच्या बेरजेएवढी तरी असते. लंबांतरांची बेरीज म आत असेल तर उंचीइतकी आणि बाहेर असेल तर त्याहून जास्त. शिवाय म वेगळा असल्यामुळे तिन्ही लंब एकाच वेळी अ, ब, क वर पडू शकत नाहीत. तेव्हा म ची बेरीज प च्या बेरजेपेक्षा मोठीच ठरते. मूळ त्रिकोणात एखादा कोन १२० अंश किंवा त्याहून मोठा असेल, तर मात्र ही रचना लागू पडत नाही आणि त्या कोनाचा शिरोबिंदू हाच सर्वोत्तम बिंदू असतो.

त्रिकोणी आलेख

तीन घटक मिळून शंभर टक्के होतात अशा मिश्रणांसाठी समभुज त्रिकोणाचा आलेख वापरतात, आणि त्याचा सगळा आधार या प्रमेयावर आहे. त्रिकोणाची उंची १०० भाग मानली, की आतल्या प्रत्येक बिंदूची तीन लंबांतरे मिळून १०० भागच होतात. म्हणून एकाच बिंदूने तिन्ही टक्केवाऱ्या दाखवता येतात.

मातीच्या पोताचा त्रिकोण हे त्याचे परिचित उदाहरण. अमेरिकेच्या कृषी विभागाच्या पद्धतीत वाळू, गाळ आणि चिकणमाती यांच्या प्रमाणांवरून मातीचे १२ वर्ग पाडले आहेत. वाळूचे कण ०.०५ ते २ मिलिमीटरचे, गाळाचे ०.००२ ते ०.०५ मिलिमीटरचे आणि चिकणमातीचे त्याहूनही बारीक. त्रिकोणाचा वरचा कोपरा म्हणजे शंभर टक्के चिकणमाती, खालचा डावा शंभर टक्के वाळू आणि खालचा उजवा शंभर टक्के गाळ. एखाद्या घटकाची टक्केवारी म्हणजे त्याच्या कोपऱ्यासमोरच्या बाजूपासूनचे लंबांतर.

समजा एका नमुन्यात चिकणमाती ५०, गाळ ३० आणि वाळू २० टक्के आहे. दख्खनच्या काळ्या जमिनीतही चिकणमातीचे प्रमाण असेच मोठे असते. २० सेंटीमीटर बाजूच्या आलेखावर हा बिंदू पायापासून ८.६६, डाव्या बाजूपासून ५.२० आणि उजव्या बाजूपासून ३.४६ सेंटीमीटरवर येतो. बेरीज १७.३२. हा बिंदू ‘चिकण’ वर्गात पडतो, कारण त्या वर्गासाठी चिकणमाती निदान ४०, वाळू जास्तीत जास्त ४५ आणि गाळ ४० टक्क्यांपेक्षा कमी असावा लागतो.

प्रत्यक्षात कोणी लंब मोजत बसत नाही. प्रत्येक बाजूला समांतर अशा समान अंतरांच्या रेषा आलेखावर छापलेल्या असतात आणि टक्क्यांचे आकडे बाजूंवर लिहिलेले असतात. बिंदू कोणत्या रेषेवर आहे हे पाहून ती रेषा आकड्यापर्यंत न्यायची. नेहमीची चूक इथेच होते, कारण रेषांच्या दिशा तीन असतात आणि वाचणारा चुकून दुसऱ्याच दिशेची रेषा धरतो. बिंदूची जागा ठरवायला दोन वाचने पुरतात, म्हणून तिसरे वाचन पडताळ्यासाठी मोकळे राहते. तिन्हींची बेरीज १०० झाली नाही, तर कुठेतरी चुकीची रेषा धरली आहे.

या पडताळ्यालाही मर्यादा आहे. दोन घटकांची नावेच आपसांत बदलली गेली, तर बेरीज १०० च राहते आणि चूक लक्षात येत नाही. चिकणमाती २०, गाळ ६० आणि वाळू २० टक्के असलेली माती गाळयुक्त पोयट्याच्या वर्गात मोडते. तिथे गाळ आणि वाळू यांची अदलाबदल झाली, तर तीच माती वाळूमिश्रित चिकण पोयटा ठरते. म्हणून आकडे वाचण्याआधी कोणता कोपरा कोणत्या घटकाचा आहे, हे पाहून घ्यावे लागते.

त्रिकोणापलीकडे

क्षेत्रफळाचा युक्तिवाद तीन बाजूंपुरता मर्यादित नाही. सर्व बाजू समान असलेल्या कोणत्याही बहिर्वक्र बहुभुजाकृतीत आतला बिंदू शिरोबिंदूंना जोडला, की समान पायांचे त्रिकोण मिळतात आणि बाजूंपासूनच्या लंबांतरांची बेरीज स्थिर राहते. समभुज चौकोनात कोन समान नसतात, तरीही हे खरे असते. तिथे लंबांतरे बाजूंच्या रेषांपर्यंत मोजावी लागतात, कारण लंबपाद कधी कधी बाजू ओलांडून पुढे पडतो. मात्र त्रिकोणातले उलट विधान चौकोनात टिकत नाही. आयतात बाजू असमान असूनही बेरीज स्थिर असते, कारण समोरासमोरच्या बाजूंपासूनची अंतरे मिळून आयताची लांबी किंवा रुंदी होते.

अवकाशात हाच विचार घनफळाने करता येतो. चार सारख्या समभुज त्रिकोणांनी बनलेल्या सुसम चतुष्फलकात आतला बिंदू चारही शिरोबिंदूंना जोडला, की समान पायांचे चार लहान सूची मिळतात. त्यांच्या घनफळांची बेरीज करून चार पृष्ठांपासूनच्या अंतरांची बेरीज चतुष्फलकाच्या उंचीइतकी येते. कडा १० सेंटीमीटर असेल तर ही बेरीज सुमारे ८.१६ सेंटीमीटर भरते. या युक्तिवादाला चार पृष्ठांचे क्षेत्रफळ समान असणे एवढेच लागते, आणि कडा असमान असूनही चारही पृष्ठे समान क्षेत्रफळाची आहेत असे चतुष्फलक असतात. म्हणून प्रतलात बेरीज स्थिर असलेला त्रिकोण समभुजच असतो, पण अवकाशात बेरीज स्थिर असलेला चतुष्फलक सुसम असलाच पाहिजे असे नाही.